ओल्यावर सुकं

रविवारी सकाळी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून झाल्या की टेबलावर मी आधी दोन वस्तू ठेवते. एक स्टीलचं पातेलं. त्यात आदल्या दिवशी आमच्या घरात निघालेला ओला कचरा: दुधीची सालं, मेथीच्या काड्या, केळ्यांची सालं, चहाचा चोथा. वजन ८०० ग्रॅम. शेजारी काचेचा जग, त्यात ६४० मिलिलिटर पाणी. मग विचारते, "यातलं जड काय?"

"पातेलं," पहिल्या रांगेतले आजोबा लगेच सांगतात.

"थोडंसंच जड, आजोबा. पातेल्यात पाणीच जवळजवळ या जगाएवढं आहे. ते काढलं तर उरतो १६० ग्रॅम माल. वर्षभर तुमच्या कचऱ्याच्या बादलीला जो वास येतो, तो या १६० ग्रॅमचा नाही. तो या जगाचा आहे."

भाषणात मला खरं तर एवढंच सांगायचं असतं. घरच्या घरी खत करणं म्हणजे कचरा कुजवणं नव्हे, कारण कुजायला त्याला आपली गरज नसते. आपलं काम पाणी आटोक्यात ठेवायचं आणि हवा आत जाऊ द्यायची. ज्या जिवाणूंना हवा लागते ते कचरा बिनवासाचा खातात. हवा संपली की दुसऱ्या जातीचे जिवाणू ताबा घेतात, आणि त्यांच्या खाण्यातून आंबट, कुजट, सडक्या अंड्यासारखे वास सुटतात. पाण्यातून प्राणवायू झिरपण्याचा वेग हवेतल्या वेगाच्या दहा हजार पट कमी असतो. त्यामुळे सालांच्या मधल्या फटी पाण्याने भरल्या की बादलीला कितीही भोकं पाडा, आत गुदमरच.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. पहिल्या वर्षी जुलैत मी एक तयार डबा आणि कल्चर पावडरीचं पाकीट आणलं. रोज सालं टाकली, वर पावडर भुरभुरली, झाकण घट्ट लावलं. बाराव्या दिवशी शेजारच्या काकू दारात उभ्या. झाकण उघडलं तर आत काळा काढा. पाकिटात जिवाणू होते, नाही असं नाही. पण जिवाणू सालांवर मुळातच लाखोंनी असतात. मी त्यांना पाण्यात बुडवलं होतं. सुकं काही घातलंच नव्हतं.

म्हणून आता पायऱ्या सांगताना मी क्रम मोडू देत नाही.

पहिली पायरी: आठवडाभर वजन

"आज घरी जाऊन डबा विकत आणू नका," मी सांगते. "सात दिवस कचरा फक्त मोजा." भाजीवाल्याकडे असतो तसा टांगता काटा किंवा स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा पुरतो. आम्ही चौघं. आमचा आठवड्याचा आकडा ५ किलो ६०० ग्रॅम आला, म्हणजे रोजचे ८०० ग्रॅम. आंब्याच्या दिवसांत तो बराच चढतो, गावी गेलो की शून्यावर येतो. हा आकडा हातात आला की डबा केवढा हवा आणि पाचोळा किती साठवायचा, हे दोन्ही ठरवता येतं.

याच आठवड्यात आणखी एक सवय लावायची. सिंकमध्ये प्लॅस्टिकची चाळणी किंवा जुनी रोवळी ठेवायची आणि सालं रात्रभर तिच्यात निथळू द्यायची. भाजी धुतलेलं पाणी, चहाच्या चोथ्यातलं पाणी, ताटातला रसा, यातलं काही डब्यात जाता कामा नये.

दुसरी पायरी: डबा

साधारण ५० लिटरचा झाकणाचा ड्रम घ्या, आणि एक नाही, दोन. रंगाच्या रिकाम्या बादल्याही चालतात, फक्त जास्त लागतात. ड्रमच्या चारी अंगांना आणि तळाला चार-चार इंचांवर भोकं पाडायची, आपली करंगळी जेमतेम अडेल एवढी. सोसायटीच्या प्लंबरकडे ड्रिल असतं, अर्ध्या तासाचं काम. उंदीर-घुशींचा त्रास असेल तर भोकांवर आतून बारीक जाळी लावा.

ड्रम जमिनीवर टेकवायचा नाही. खाली दोन विटा, विटांच्या मध्ये एक परात. विटांमुळे हवा तळातून आत शिरते आणि वर चढते. जागा सावलीची हवी, आणि पावसाची झड आत येणार नाही अशी.

तिसरी पायरी: बिछाना आणि विरजण

ड्रमच्या तळाशी चार बोटं जाडीचा भरड थर हवा. नारळाच्या शेंड्या, वाळक्या काटक्या, मक्याची वाळलेली कणसं, काहीही चालेल. हा थर दाबला जात नाही, त्यामुळे तळाची भोकं बुजत नाहीत. त्यावर सुका पाचोळा चार बोटं. आणि त्यावर ओंजळभर जुनं खत, किंवा ज्या कुंडीत गांडुळं दिसतात तिची माती.

"म्हणजे विरजण," मागून एक ताई म्हणतात.

विरजणच. आणि विरजणाला बाजारात जावं लागत नाही, शेजारच्या घरातून चमचाभर आणलं तरी भागतं. दह्याशी फरक एवढाच की विरजण घातलं नाही तर दूध नासतं. खत मात्र विरजणाशिवायही होतं, आठवडाभर उशिरा.

चौथी पायरी: रोजचं काम, दोन मिनिटं

आता मी पातेलं पुढे ओढते आणि टेबलाखालून पाचोळ्याची पिशवी काढते. कलिंगडाची साल, कोबीचा दांडा, केळ्याची साल अशा मोठ्या वस्तू इंचभर चिरायच्या. तुकडा जितका लहान तितका जिवाणूंना खायला पृष्ठभाग जास्त. पण मिक्सरमधून काढायचं नाही. लगदा झाला की फटी गेल्या आणि हवा गेली.

मग माप. एक डबा ओला कचरा, तर त्याच डब्याने एक डबा चुरडलेला पाचोळा. वजनात सांगायचं तर आमच्या ८०० ग्रॅमला साधारण २०० ग्रॅम. पाचोळा हलका असल्यामुळे तेवढ्या वजनातही डबा भरतो.

हा हिशेब मी फळ्यावर मांडते, कारण सगळी गंमत त्यात आहे. ओल्या कचऱ्यात ६४० ग्रॅम पाणी आणि १६० ग्रॅम माल. पाचोळ्यात जेमतेम २० ग्रॅम पाणी आणि १८० ग्रॅम माल. एकत्र झाले १,००० ग्रॅम, त्यात पाणी ६६० ग्रॅम. म्हणजे ८० टक्क्यांवरचं पाणी एका डब्याने ६६ टक्क्यांवर आलं. खताला हवं असतं ५० ते ६०. वरचे पाच-सहा टक्के आतल्या ऊबेने वाफ होऊन भोकांतून निघून जातात. पाचोळा अर्धाच डबा घातला तर ही वाफ पुरत नाही, आणि माझा बारावा दिवस तुमच्या घरी येतो.

पाचोळा दुसरंही एक काम करतो. जिवाणूंना कर्ब आणि नत्र, दोन्ही लागतात, आणि कर्ब नत्राच्या २५ ते ३० पट असला की त्यांचं बरं चालतं. भाजीच्या सालांत नत्र जास्त, वाळलेल्या पानांत कर्ब जास्त. डब्याला डबा घातला की प्रमाण आपोआप त्या घरात येऊन बसतं, वेगळं काही मोजावं लागत नाही.

दोन्ही घातलं की वरचा वीतभर थर काठीने कालवायचा. आणि शेवटी, हे विसरायचं नाही, वर मूठभर पाचोळ्याची चादर. ओली साल उघडी दिसता कामा नये. दिसली की चिलटं आलीच.

पाचोळा नसेल तर कोकोपीट चालतं, पण वडीतलं, भिजवलेलं नाही. कोरडंच चुरून घालायचं. सुताराकडचा भुसाही चालतो, मात्र प्लायवूडचा नको, त्यात डिंक असतो. वर्तमानपत्राचे तुकडे अडीअडचणीला ठीक. नुसत्या कागदाचा थर भिजून पापडासारखा बसतो आणि हवा अडवतो.

पाचवी पायरी: चार दिवसांनी मूठ

दर चौथ्या दिवशी काठीने किंवा लांब खुरप्याने तळापासून वर-खाली करायचं. त्या वेळी हात ड्रममध्ये घालून बघा. मधला भाग कोमट लागायला हवा. नवा माल पडल्यावर तो चांगला ऊन लागतो, तेव्हा दचकू नका.

मग मूठपरीक्षा. आतला मूठभर माल घट्ट पिळायचा. मी घरून तीन वाट्या आणते आणि तीन जणांना पुढे बोलावते. पहिल्या वाटीतला माल पिळला की बोटांमधून पाण्याची धार लागते: फार ओला, दोन डबे पाचोळा घालून कालवा. दुसऱ्या वाटीतला माल मूठ उघडताच भुगा होऊन सांडतो: फार कोरडा, पाणी शिंपडा. तिसऱ्या वाटीतला पिळल्यावर बोटांच्या फटीत एखाददुसरा थेंब चमकतो, मूठ उघडली तर गोळा तसाच राहतो, आणि बोटाने टोचला की फुटतो. पुरणाचं घट्टपण ज्यांना हाताला कळतं त्यांना हे एकदाच दाखवावं लागतं.

सहावी पायरी: भरला की थांबा

रोज किलोभर माल पडूनही ५० लिटरचा ड्रम भरायला आमच्याकडे सहा-सात आठवडे लागतात, कारण खालचा माल सतत बसत जातो. भरला की त्यात नवं काही टाकायचं नाही. आता दुसरा ड्रम सुरू करायचा. पहिला आठवड्यातून एकदा हलवायचा आणि आणखी सहा आठवडे मुरू द्यायचा. बहुतेक जण चुकतात ते इथे. वरून रोज नवी साल पडत राहिली तर खालचं खत कधीच सुटं होत नाही. दोन ड्रम सांगते ते याचसाठी.

सातवी पायरी: झालं की नाही

तयार खत ओळखायला तीन खुणा. ते थंड असतं. त्यात कोबी कुठला आणि दुधी कुठला हे ओळखू येत नाही. आणि वास पहिल्या पावसात मातीला येतो तसा असतो; तो वास एका जातीच्या मातीतल्या जिवाणूंचाच.

शंका असेल तर ओलसर खत मूठभर घेऊन पिशवीत घट्ट बांधा आणि तीन दिवसांनी उघडा. आंबूस वास आला तर ते अजून कच्चं आहे. याहून पक्की परीक्षा मेथीची. एका वाटीत नुसती माती, दुसरीत निम्मी माती आणि निम्मं खत. दोन्हींत वीस-वीस मेथीचे दाणे पेरा. आठवड्याभरात दुसऱ्या वाटीतली मेथी पहिलीच्या बरोबरीने उगवली तर खत तयार. उगवण कमी झाली किंवा कोंब पिवळे पडले तर ड्रम झाकून आणखी पंधरा दिवस ठेवा. कच्चं खत कुंडीत घातलं तर मातीतलं नत्र ते स्वतःच्या कुजण्यासाठी ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं.

मग चाळणी. बांधकामावर वाळू चाळायची जाळी असते, तशी. वर राहिलेले भरड तुकडे पुढच्या ड्रमच्या तळाशी जातात. एका ड्रमात ओला कचरा आणि पाचोळा मिळून ४० किलोंच्या पुढे पडतो. चाळून १० ते १२ किलो खत हाती येतं. दहा-बारा इंची कुंडीला महिन्याला एक मूठ पुरे. नवी कुंडी भरताना तीन वाटे माती, एक वाटा खत. नुसत्या खतात झाड लावायचं नाही.

नाकाने आणि डोळ्यांनी निदान

इथे प्रश्नांना तोंड फुटतं, आणि ते दरवेळी तेच असतात.

आंबट किंवा सडका वास: पाणी जास्त, हवा कमी. पाचोळा घालून तळापासून हलवा. दोन दिवसांत वास जातो. नाकाला झोंबणारा, डोळ्यांत पाणी आणणारा वास वेगळा. तो अमोनियाचा, म्हणजे नत्र जास्त झालंय. पालेभाज्यांचा मोसम असला किंवा भिजवलेली डाळ वाया गेली की असं होतं. उपाय मात्र तोच, पाचोळा. वास अजिबात नाही, पण महिनाभर काही बदलतही नाही आणि मुंग्या लागल्यात: माल कोरडा पडलाय. पाणी शिंपडा, मुंग्या आपण होऊन घर बदलतात.

पांढरं कापसासारखं जाळं दिसलं की लोक फोटो पाठवतात. ती बुरशी, आपल्याच कामाची. काड्या आणि देठांचा चिवट भाग ती फोडते.

आणि अळ्या. पावसाळ्यात ड्रममध्ये राखाडी-तपकिरी, चपट्या, पेराएवढ्या अळ्या वळवळताना दिसल्या की किंकाळी ऐकू येते. त्या काळ्या सैनिक माशीच्या अळ्या. ही माशी घरमाशीसारखी अन्नावर येऊन बसत नाही. अळ्या कचरा मात्र आपल्या दुप्पट वेगाने संपवतात. मी त्यांना राहू देते. ज्यांना किळस येते त्यांनी आठवडाभर पाचोळा वाढवावा. माल सुका झाला की त्या निघून जातात. लहान, पांढऱ्या, तांदळासारख्या अळ्या दिसल्या तर त्या घरमाशीच्या. त्याचा अर्थ वरची चादर घालायची राहिली.

परातीत जमणाऱ्या काळ्या पाण्याबद्दलही विचारतात. डबे विकणारे त्याला द्रवखत म्हणतात. ते कच्चं पाणी आहे, अर्धवट कुजलेलं, कुंडीत ओतलं तर मुळांना त्रास. मी ते पाचोळ्याच्या पिशवीवर शिंपडते आणि पुन्हा ड्रममध्ये घालते. परात कोरडी राहायला लागली की समजा, तुमचा हात बसला.

काय टाकायचं नाही

शिजलेलं अन्न, तेलकट रस्सा, दूध-दही, मासळी-मटणाची हाडं नकोत. ती कुजत नाहीत म्हणून नव्हे. उंदरांना आमंत्रण जातं आणि तेलाने फटी बुजतात म्हणून. पोळीचा एखादा तुकडा गेला तर बिघडत नाही. लिंबा-संत्र्याची सालं थोडी चालतात. करवंटी आणि आंब्याची कोय वर्षभर तशीच राहते. कोयी आम्ही तळाच्या भरड थरात टाकतो. कुत्र्या-मांजरांची विष्ठा अजिबात नाही. इथे घरच्या ड्रमची मर्यादा कळते: मोठा ढीग ५५-६० अंशांपर्यंत तापतो आणि त्यात रोगजंतू आणि बिया मरतात, ५० लिटरच्या ड्रमातली ऊब बहुतेक वेळा तिथवर पोचत नाही, पोचली तरी टिकत नाही. म्हणून तर आपल्या खतातून टोमॅटोची आणि भोपळ्याची रोपं आपसूक उगवतात. 'कंपोस्ट होणारी' म्हणून मिळणारी पिशवीही याच कारणाने ड्रममध्ये घालू नका. तिला मोठ्या प्रकल्पातली उष्णता लागते.

ढिगाचं हे शास्त्र आपल्या बाजूलाच आकाराला आलं. इंदूरच्या संशोधन संस्थेत अल्बर्ट हॉवर्ड आणि रसायनशास्त्राचं काम पाहणारे यशवंत वाड यांनी शेतातला काडीकचरा, शेण आणि माती यांचे थर लावून ठरावीक दिवसांनी उलथण्याची पद्धत बसवली, आणि १९३१ मध्ये दोघांच्या नावाने तिचं पुस्तक निघालं. जगभर ती 'इंदूर पद्धत' म्हणून ओळखली जाते. त्यांचा ढीग शेतावरचा, आपला ड्रम बाल्कनीतला. ओल्यावर सुकं घालायचं आणि हवेसाठी उलथायचं, हे दोन्हीकडे तेच.

हे भाषण फेब्रुवारीत का

शेवटी सोसायटीचे सेक्रेटरी विचारतात, "पावसाळ्यात झाडं लावतो, तेव्हाच हेही सुरू करू ना?"

२०१६ च्या घनकचरा नियमांनी ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितलं. तेव्हापासून कमिट्यांना कधीही जाग येते, आणि बहुधा ती जूनमध्ये येते. जूनमध्ये सुरू केलेले ड्रम ऑगस्टपर्यंत बंद पडतात. कारण एकच. तेव्हा सगळीकडे पाणी असतं आणि सुकं पान एकही नसतं.

पान गळतं फेब्रुवारी ते एप्रिल. आमच्या आवारात पिंपळ, बदाम आणि रस्त्याकडेचा मोठा शिरीष आहे. त्यांची पानं त्या दोन महिन्यांत इतकी पडतात की झाडणाऱ्या मावशी वैतागतात, आणि वॉचमन काका एखाद्या कोपऱ्यात काडी लावून देतात. शिरीषाची पानं बारीक, तशीच चालतात. पिंपळाची आणि बदामाची मात्र पोत्यात भरून वरून पायाने तुडवायची; दहा मिनिटांत चुरा होतो आणि पोतं निम्म्यावर येतं.

मग फळ्यावर शेवटचा हिशेब. रोज २०० ग्रॅम, पावसाळ्याचे १२० दिवस: २४ किलो. गोणपाटाच्या एका मोठ्या पोत्यात चुरडलेला पाचोळा सात-आठ किलो बसतो. म्हणजे एका घराला तीन पोती. वीस घरांनी ड्रम ठेवायचे तर साठ पोती, जिन्याखाली किंवा गच्चीच्या टाकीखाली, फळीवर, कोरडी.

सेक्रेटरी साठ आकडा ऐकून जरा थांबतात. मग ते मावशींना बोलावून विचारतात, कालचा पाला कुठे टाकला?

"जाळला ना," मावशी म्हणतात.

"आजपासून जाळू नका," ते म्हणतात, आणि वॉचमन काकांना पोती आणायला पाठवतात. माझं भाषण इथे संपतं. ड्रम नंतरही आणता येतो.